निळ्या पाण्यात बुडवायची राहिलेली चाळणी

मला हात खराब झालेले आवडत नाहीत. लहानपणी नागपूरला शेणाच्या सड्यापासून मेंदीपर्यंत सगळ्यांतून मी अंग काढून घ्यायची आणि आई म्हणायची, ‘ही राणीसाहेब चिखलाकडे नुसती बघणार.’ पुढे मी पोटापाण्यासाठी नेमका चिखलाचाच धंदा निवडला. समुद्राच्या तळाखालून, दोन-दोन हजार मीटर खोलीवरून वर आलेला चिखल. आईला अजूनही हे फार गमतीचं वाटतं.

मेलबर्नला डँडेनॉन्गच्या औद्योगिक वसाहतीत, एका टायरच्या गोदामाला लागून आमची लॅब होती. बाहेर पाटीसुद्धा धड नव्हती. आत चार माणसं: आमचा बॉस, कॉम्प्युटरवर नकाशे काढणारा एक अबोल माणूस, नमुने धुणाऱ्या ताई आणि मी. तेल कंपन्या दक्षिणेच्या समुद्रात विहिरी खोदायच्या, आणि खोदताना वर येणारा दगडाचा चुरा पिशव्यांत भरून, वर खोली लिहून, आमच्याकडे पाठवायच्या. आम्ही तो धुऊन, सुकवून, त्यातली जीवाश्मं निवडायचो आणि सांगायचो, हा थर अमुक काळातला.

ही जीवाश्मं म्हणजे फोरॅमिनिफेरा. एका पेशीचे समुद्री जीव, वाळूच्या कणाएवढे, पण प्रत्येकाचं स्वतःचं चुन्याचं कवच. मेले की कवच तळाशी जाऊन बसतं. लाखो वर्षांत जाती येतात, थोडा काळ राहतात, संपतात, आणि एकदा संपलेली जात परत येत नाही. म्हणून कुठल्या थरात कोण सापडतं यावरून त्या थराचं वय कळतं. शेजारच्या विहिरीत तीच जात वेगळ्या खोलीवर सापडली, की दोन्ही ठिकाणं एका रेषेने जोडायची आणि समजायचं, हा एकच थर, फक्त इथे तो खाली झुकलाय.

यात एक मेख आहे. विहीर खोदताना वरच्या भिंतीचे तुकडे ढासळून खाली पडतात आणि खालच्या चुऱ्यात मिसळतात. म्हणजे वरच्या काळातली कवचं खाली सापडतातच, त्यावर विश्वास ठेवून चालत नाही. पण खालची कवचं आपोआप वर चढत नाहीत. म्हणून आम्ही वरून खाली येताना एखादी जुनी जात पहिल्यांदा कुठे भेटते तेवढंच बघतो. तीच खरी खूण. सगळा धंदा त्या पहिल्या भेटीवर उभा आहे.

ताई वसईच्या. चर्चच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायच्या, मग नवऱ्यामागे इथे आल्या. साठीच्या जवळ, ठेंगण्या, आवाज मात्र वाडीभर ऐकू जाईल असा. त्या वसईकडची मराठी बोलायच्या आणि मधूनच ‘नो वरीज’ म्हणायच्या, तेही अशा सुरात की काळजी करायचीच असं वाटावं. माझं मास्टर्स, माझी डॉक्टरेट, हे सगळं ऐकून घेऊन पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, ‘चाळणी धुता येते का तुला?’

मला तो प्रश्न झोंबला होता. चाळणी धुण्यात काय मोठंसं, असं मनात आलं. आता सांगायला लाज वाटते, पण आलं होतं.

चाळणी म्हणजे पितळी कड्याची, इतक्या बारीक जाळीची की तिच्यातून गाळ निघून जातो आणि कवचं वर राहतात. एक नमुना झाला की ती जोराच्या पाण्याखाली धरायची, ब्रशने घासायची, आणि मग मेथिलीन ब्ल्यूच्या, म्हणजे एका गडद निळ्या रंगाच्या घमेल्यात बुडवून ठेवायची. कितीही घासली तरी जाळी आणि कडं जिथे जुळतात त्या खाचेत दोनचार कवचं अडकून राहतातच. निळ्या पाण्यात ती निळी होतात. पुढच्या नमुन्यात एखादं निळं कवच दिसलं की समजायचं, हा पाहुणा मागच्या नमुन्यातला, याला मोजायचं नाही. इतकी साधी युक्ती. पण त्या रंगाने ताईंची बोटं कायमची निळी असायची. हातमोजे घातले की जाळीतला कचरा बोटांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नखांच्या कडा तर कधीच पांढऱ्या दिसल्या नाहीत.

ज्या आठवड्याची ही गोष्ट, त्या शुक्रवारी माझं प्रोबेशन संपत होतं. बॉसने मला कायम करायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि त्याने ते आडवळणाने सांगितलं होतं. समुद्रातल्या एका रिगवरून, म्हणजे खोदकामाच्या फलाटावरून, एका कंपनीची नवी विहीर चालू होती. तो म्हणाला, ‘ही विहीर तू बघ. मी मधे बोलणार नाही. रिगवरच्या जिऑलॉजिस्टला तूच फोन करायचा.’ माझ्या शब्दावर विसंबता येतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. नोकरी गेली असती तर माझा व्हिसाही लटकला असता. आणि शनिवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला, हॉल घेऊन, माझा साखरपुडा होता. आई त्यासाठी नागपूरहून आली होती.

विहिरीत काम असं होतं. वर चिकणमातीचा चुनखडीमिश्रित जाड थर, त्याखाली तेलाची वाळू. त्या वाळूत शिरण्याच्या आधी विहिरीत पोलादी नळी बसवून, सिमेंटने पक्की करायची. फार आधी बसवली तर खालची ठिसूळ माती उघडी राहून पुढे त्रास देणार, उशीर झाला तर सरळ वाळूत घुसणार आणि दाब सांभाळणं अवघड होणार. वाळू जवळ आली हे सांगणारी खूण म्हणजे सबोटिना अँगिपोरॉइडीस नावाची एक जुनी जात. ताईंनी तिचं नाव ठेवलं होतं ‘मूठ’, कारण ती सूक्ष्मदर्शकाखाली खरंच बाळाच्या घट्ट मिटलेल्या मुठीसारखी दिसते. मूठ दिसली की रिगला कळवायचं, थांबा, आता नळी बसवा.

बुधवारी सकाळी ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या. बॉसही रजेवर होता. मी आल्या आल्या एका जुन्या विहिरीचा, मुठींनी भरलेला नमुना धुतला. नजर तयार असावी, खरी मूठ समोर ठेवून तुलना करता यावी म्हणून. हे मी फार शहाणपणाचं समजून केलं. मग दहाच्या सुमाराला कुरिअरवाल्याने हेलिकॉप्टरने आलेली ताजी पिशवी आणून दिली. रिगवाले खोदणं थांबवून आमच्या उत्तराची वाट बघत होते.

मी चाळणी नळाखाली धरली, घासली, पुन्हा धरली. शेजारी निळं घमेलं झाकण लावून ठेवलेलं होतं. मी झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. शनिवारी अंगठी घालायची होती. सगळी नजर त्या एका बोटावर असणार, फोटो निघणार, आणि हा रंग आठवडाभर जात नाही. हातमोजे होते, पण माझ्या मापाचा डबा संपला होता आणि मोठ्या मापात रंग आत जातो. एक दिवस नाही बुडवली तर काय बिघडतं? एवढी घासली आहे की. असं स्वतःला सांगितलं आणि त्याच चाळणीत ताजा नमुना धुतला.

बाराच्या सुमाराला, काळ्या ताटलीतल्या सुकलेल्या चुऱ्यात, मला मूठ दिसली. मग दुसरी. एकूण पाच. शेजारच्या विहिरीच्या हिशेबाने मूठ अजून ऐंशीएक मीटर खाली भेटायला हवी होती. पण मला त्याचं काही वाटलं नाही, उलट आनंद झाला. मी मनातल्या मनात एक प्रस्तरभंग, म्हणजे थर तुटून सरकल्याची भेग, आखला, थर इथे वर उचललाय असं ठरवलं, आणि कंपनीच्या नकाशात नसलेली गोष्ट आपण पकडली म्हणून स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. हुशार माणसाला चूक पटवायला वेळ लागत नाही, फक्त ती त्याच्या हुशारीला शोभेल अशी असावी लागते.

रिगला फोन लावला. जिऑलॉजिस्ट म्हणाला, ‘ऐंशी मीटर वर? शुअर?’

‘पाच स्पेसिमेन्स आहेत,’ मी म्हटलं. ‘टेक्स्टबुक आहेत.’

‘गुड ऑन यू,’ तो म्हणाला. ‘मग बिट वर काढायला घेतो.’

बिट, म्हणजे खोदणारं टोक, वर काढायला काही तास लागतात. त्यानंतर नळी. मी डबा उघडून पोळीभाजी खाल्ली, आणि ती मला फार चविष्ट लागली हे अजून आठवतं.

दोन वाजता ताई आल्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे काळा चष्मा लावलेला. मी त्यांना ताटली दाखवली, मुठी दाखवल्या, प्रस्तरभंगाची कहाणी सांगितली. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बघितलंच नाही. दिसत नव्हतं त्यांना. चष्म्याच्या वरून त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

‘नमुना तू धुतला?’

‘हो.’

‘मग तुझी बोटं अशी कोरी कशी?’

ताईंनी घमेल्याचं झाकण उचललं. रंगावर कालची साय तशीच होती. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि विचारलं, ‘याच्या आधी चाळणीत काय होतं?’

ते मला ठाऊक होतं. जुन्या विहिरीतल्या मुठी.

‘पण ताई, खरंही असू शकतं,’ मी म्हटलं. ‘थर वर उचललेला असू शकतो. मी घासली होती चाळणी.’

‘असेल की. मी कुठं नाही म्हटलं?’ त्यांनी फोन उचलून माझ्यासमोर धरला. ‘रिगला सांग, नळी घालू नका. आधी फोन कर. चाळणी मागनं.’

‘आणि खरं निघालं तर? एकदा हो, एकदा नाही, परत हो? मला कोण ठेवेल मग?’

‘अगं, त्यांनी तुला शेपटी आहे म्हटलं तरी चालेल. पण ती नळी एकदा बसली का निघत नाही.’

मला त्यांचा राग आला होता. हे कबूल केलेलं बरं. त्या बरोबर होत्या, आणि त्यांनी ते चष्म्याच्या वरून, शांतपणे, माझ्या कोऱ्या बोटांवरून ओळखलं होतं. पण मी फोन केला. सांगितलं की माझ्या चाळणीत जुना नमुना राहिल्याची शंका आहे, माझी चूक आहे, सकाळचं उत्तर मी मागे घेते. पलीकडून यंत्रांचा घरघराट येत होता. मग जिऑलॉजिस्टने एक अस्सल ऑस्ट्रेलियन शिवी दिली, मला की नशिबाला ते कळलं नाही, आणि विचारलं, ‘खात्रीचं उत्तर कधी?’

‘दोन तासांत,’ मी म्हटलं. ‘राइट,’ म्हणून त्याने फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे पुन्हा धुवायला काही नाही. पिशवी मी रिकामी केली होती. मी हातपाय गाळून स्टुलावर बसले. ताई आत गेल्या आणि खणातून एक छोटी पिशवी घेऊन आल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्या अबोल नकाशेवाल्याला बजावून ठेवलं होतं, ताजी पिशवी आली की त्यातली एक मूठभर माती आधी वेगळ्या पिशवीत काढून खणात ठेव. मी चाळणी घासत होते तेव्हा त्याने ते केलंही होतं. रोजचंच होतं ते ताईंचं. सगळं कधी धुवायचं नाही. मी ते कधीतरी ऐकलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं खूळ समजून विसरूनही गेले होते.

‘हात दे,’ त्या म्हणाल्या.

मी चाळणी घेतली, दोन्ही हातांनी निळ्या घमेल्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली. रंग गार होता. नखांच्या आत शिरताना दिसत होता. ताई बाजूला उभ्या राहून मला खाच कशी घासायची ते सांगत होत्या. ‘कड्यापासनं सुरू कर. जाळी मधे स्वच्छच असते, चोर सगळे कडेला बसतात.’ मग गरम पाण्यात विरघळवलेली ती मूठभर माती आम्ही तिच्यावर ओतली, धुतली, भट्टीत सुकवली, ताटलीत पसरली.

मी सूक्ष्मदर्शकात बघत होते आणि ताई माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. पांढऱ्या कवचांत एकही मूठ नव्हती. मी ओळीओळीने पूर्ण ताटली दोनदा पालथी घातली. नव्हती. मग डाव्या कोपऱ्यात एक निळा ठिपका दिसला. ब्रशच्या टोकाने वळवला. मूठ. घट्ट मिटलेली, छान, टेक्स्टबुक, आणि निळीभोर. थोडं पुढे आणखी दोन, तशाच.

मी रडले. ताईंना वाटलं हरले म्हणून रडते. तसं नव्हतं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. रिगला कळवलं, मूठ अजून भेटलेली नाही, खाली चला. जिऑलॉजिस्टने पुन्हा तेच विचारलं, शुअर? मी म्हटलं, ‘या वेळी माझी बोटं निळी आहेत.’ त्याला ते काय कळणार. पण तो म्हणाला, ‘ओके.’

गुरुवारी बॉस आला, तेव्हा सगळं मी त्याला स्वतः सांगितलं. नखांपासून सुरुवात केली, कारण तिथूनच सुरुवात झाली होती. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘रिगला चूक तू कळवलीस, की त्यांनी पकडली?’

‘मी कळवली. म्हणजे ताईंनी कळवायला लावली.’

‘मग चूक आणि कळवणं, दोन्ही गोष्टी रिपोर्टात लिही,’ तो म्हणाला आणि चहा करायला गेला. कायम करणार की नाही, याबद्दल अक्षर नाही.

शुक्रवारी सकाळी नव्या पिशव्या आल्या. आम्ही दोघींनी मिळून धुतल्या, प्रत्येकीच्या आधी चाळणी निळ्यात. सहाव्या पिशवीत मूठ भेटली, पांढरी. शेजारच्या विहिरीच्या रेषेपासून जेमतेम सहा मीटर इकडेतिकडे. माझा सुंदर प्रस्तरभंग अस्तित्वातच नव्हता. मी रिगला फोन केला आणि त्यांनी नळी बसवायला घेतली, योग्य जागी.

दुपारी मी रिपोर्ट लिहिला. त्यात एक ओळ होती: पहिलं निदान चाळणीतल्या जुन्या नमुन्यामुळे चुकलं होतं, राखून ठेवलेल्या मातीवरून ते मागे घेतलं. खाली सहीची जागा होती. तिथे आजवर फक्त बॉसची सही असायची. मी रिपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला, तो त्याने वाचला, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. माझ्या सहीचा पहिला रिपोर्ट असा माझ्याच चुकीवर निघाला. सही करताना कागदावर निळा अंगठा उमटला. बॉस म्हणाला, राहू दे.

शनिवारी क्रेगीबर्नच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, अंगठी आली आणि आईने माझा हात हातात घेतला. ‘जयंती तर कधीच झाली,’ ती म्हणाली. ‘हा निळा रंग कुठून आणलास?’ आमच्याकडे बोटं निळी होतात ती जयंतीच्या मिरवणुकीतल्या निळ्या गुलालाने, आणि त्या दिवशी ती निळीच राहावीत असं प्रत्येकाला वाटतं. मी तिला म्हटलं, नंतर सांगते. लिंबू लावून, साबण लावून मी पाहिलं होतं. रंग तसूभर हलला नव्हता.

मग ताई पुढे आल्या. ठेवणीतली साडी, काळा चष्मा गेलेला. त्यांनी पेढा मोडून माझ्या तोंडाशी धरला आणि फोटोवाला ‘होल्ड इट’ म्हणाला, म्हणून आम्ही तशाच थांबलो. तो फोटो माझ्या टेबलावर आहे. ताई आता निवृत्त झाल्यात, आणि त्यांच्या घमेल्याशी आता मी नव्या मुलींना उभं करते. फोटोत अंगठी नीट दिसत नाही. पेढा भरवणारी बोटं निळी आहेत, आणि तो हात धरून ठेवणारी माझीही. तो हातात आला त्याच आठवड्यात आईने बघून विचारलं होतं, ‘ही तुझी कोण?’ मी आईला ती चाळणीची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. ऐकून ती उठली, तांदळाच्या पिठाचे लाडू वळले, आणि म्हणाली, ‘चल, मला त्यांच्या घरी घेऊन चल.’